परदेशी असलेल्या मुलाबाळांशी व्हिडिओ कॉलची वेळ कशी ठरवावी?

नांदेड-लातूरकडील ज्या कुटुंबांतील मुलगा, लेक, सून अथवा नातवंडे अमेरिकेत किंवा इंग्लंडात वास्तव्यास आहेत, त्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. वर्षाचे बहुतेक महिने ठरल्या वेळी बिनबोभाट लागणारा रविवारचा व्हिडिओ कॉल मार्च महिन्यात, आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, अकस्मात चुकू लागतो; इकडे आजी-आजोबा जेवण लांबणीवर टाकून फोन समोर ठेवून बसतात, तिकडे लेक अजून अंथरुणात असते किंवा बाजाराला निघून गेलेली असते, आणि मग दोन्ही पक्ष आपापल्या घड्याळाची साक्ष काढून परस्परांस दोष देऊ लागतात. वस्तुतः यात दोष कोणाचाच नसतो. भारताचे घड्याळ बारा महिने एकाच चालीने चालते, अमेरिकेतील व युरोपातील बहुतेक घड्याळे मात्र सरकारी कायद्याने वर्षातून दोनदा एक-एक तास पुढेमागे केली जातात, आणि ती हलविण्याचा दिवस या दोन्ही खंडांत एकच नसतो. ही एवढी गोष्ट ध्यानी घेऊन आपण वेळ ठरविली, तर बहुतेक घोटाळे मुळातच टळतात.

देश विचारू नका, शहर विचारा

“मुलगी अमेरिकेत असते” एवढ्या माहितीवर वेळ ठरविता येत नाही, कारण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांतच तीन तासांचे अंतर आहे. म्हणून प्रथम शहराचे नाव विचारून घ्यावे आणि त्या शहराचे भारताशी असलेले अंतर उन्हाळ्यात किती व हिवाळ्यात किती, असे दोन आकडे वहीत नोंदवून ठेवावेत. आपल्याकडील मंडळी ज्या ठिकाणी विशेषेकरून आढळतात, त्यांची अंतरे अशी :

- न्यू जर्सी, न्यू यॉर्क, टोरांटो : उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा तास मागे.
- शिकागो, डॅलस : उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा तास मागे.
- कॅलिफोर्निया : उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे.
- लंडन : उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे.
- जर्मनी : उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे.
- सिडनी, मेलबर्न : भारताच्या पुढे, एप्रिल ते ऑक्टोबर साडेचार तास, उरलेल्या काळात साडेपाच तास.
- दुबई दीड तास मागे, सौदी अरेबिया अडीच तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. या तिन्ही ठिकाणी बारा महिने तेच.

साडेनऊ तास वजा करण्याची तोंडी आकडेमोड वयोवृद्धांस जड जाते, हे खरे. परंतु तिला एक सोपी आडवाट आहे. न्यू जर्सीची वेळ काढावयाची असेल, तर आपल्या घड्याळातील आकडा तसाच ठेवून प्रथम रात्रीची सकाळ करावी, म्हणजे बारा तास मागे जावे, आणि मग उन्हाळ्यात अडीच व हिवाळ्यात दीड तास मिळवावेत. आपल्याकडे रात्रीचे आठ, म्हणजे तेथे त्याच दिवशी सकाळचे आठ अधिक अडीच, अर्थात साडेदहा. आणि हिवाळा असेल तर साडेनऊ. शिकागो-डॅलससाठी याच रीतीने उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अर्धा तास मिळवावा. कॅलिफोर्नियासाठी मात्र मिळविण्याऐवजी उन्हाळ्यात अर्धा आणि हिवाळ्यात दीड तास वजा करावा.

वेळ कोणाच्या घड्याळाला बांधावयाची?

सारा प्रश्न येथे आहे, आणि बहुतेक घरांत तो कोणी विचारीतच नाही. “दर रविवारी रात्री आठ” असे ठरते. पण हे आठ लातूरचे आठ म्हणून ठरले, की न्यू जर्सीच्या सकाळी साडेदहाचे भाषांतर म्हणून ठरले, याचा खुलासा होत नाही. जोवर घड्याळे हलत नाहीत तोवर दोन्हींचा अर्थ एकच असल्याने ही संदिग्धता कोणाच्या ध्यानात येत नाही. नोव्हेंबरात अमेरिकेचे घड्याळ तासभर मागे गेले, की दोहोंची फारकत होते. लेक आपल्या सकाळी साडेदहाला कायम राहते, तेव्हा लातुरात नऊ वाजलेले असतात; आईवडील आपल्या आठला कायम राहतात, तेव्हा तिच्याकडे साडेनऊच होतात. दोघेही आपापल्या परीने वक्तशीर, आणि तरीही कॉल एका तासाने चुकलेला!

यासाठी कोणते तरी एक घड्याळ मूळ मानून दुसऱ्याने त्याप्रमाणे वर्षातून दोनदा सरकावयाचे, असा स्पष्ट ठराव कुटुंबात व्हावयास हवा. ज्याच्या दिनक्रमाला हलविता येण्याजोगी जागा कमी आहे, त्याचे घड्याळ मूळ धरावे, असे माझे मत आहे. मुलगी रुग्णालयात पाळीने काम करीत असेल, अथवा नातवंडांची शनिवार-रविवारची पोहण्याची वा मराठी शाळेची वेळ ठरलेली असेल, तर तिचे घड्याळ मूळ. आणि लातूरच्या घरातील वडील रात्रीच्या जेवणापूर्वी इन्सुलिन घेत असतील व ते जेवण साडेआठच्या पलीकडे नेणे त्यांस इष्ट नसेल, तर लातूरचे घड्याळ मूळ. मुलांची गैरसोय नको म्हणून आईबाप रात्रीचे अकरा वाजेतो निमूटपणे जागत बसतात आणि त्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. तिचा येथे काहीही उपयोग नाही, कारण मुलांस ती अडचण कळतच नाही. आपली झोपेची, औषधाची व पूजेची वेळ कॉल ठरवितानाच सांगणे हा आपला हक्क आहे, आणि सुटीच्या दिवशी सकाळी नऊपूर्वी फोन नको असे सांगणे हा मुलांचा.

घड्याळे केव्हा हलतात

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येते. २००७ सालापासून हा शिरस्ता चालू आहे. ब्रिटन व युरोपीय संघातील देश यांत मार्चचा शेवटचा रविवार व ऑक्टोबरचा शेवटचा रविवार हे दिवस ठरलेले आहेत. २०२६ साली या तारखा अमेरिकेसाठी ८ मार्च व १ नोव्हेंबर, आणि लंडनसाठी २९ मार्च व २५ ऑक्टोबर अशा येतात. सिडनी-मेलबर्नकडे याच्या उलट ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना व हवाई आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड ही राज्ये या भानगडीत पडत नाहीत. फिनिक्स किंवा ब्रिस्बेन येथे आपले कोणी असेल, तर वहीत एकच आकडा पुरेल.

हा बदल तेथील मध्यरात्रीनंतर होत असल्याने तो “उद्यापासून” लागू होईल, असा समज करून घेऊ नये. न्यू जर्सीत मार्चमध्ये घड्याळ हलते तेव्हा आपल्याकडे त्याच रविवारी दुपारचे साडेबारा झालेले असतात, आणि नोव्हेंबरात सकाळचे साडेअकरा. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी होणाऱ्या कॉलला नवाच हिशेब लावावा लागतो.

पाडव्याचे उदाहरण

आता दोनाऐवजी तीन ठिकाणांचा मेळ घालण्याचा प्रसंग पाहू. आईवडील नांदेडला, मुलगा लंडनला आणि मुलगी न्यू जर्सीला असे एक कुटुंब कल्पावे, आणि गुढीपाडव्याला सर्वांनी एकत्र बोलावे असा त्यांचा मानस आहे असे समजावे. २०२६ चा पाडवा गुरुवारी, १९ मार्चला येतो, म्हणजे अमेरिकेचे घड्याळ हलून गेलेले आणि लंडनचे अद्याप हलावयाचे, अशा तीन आठवड्यांच्या अडनिड्या काळात. त्या दिवशी न्यू जर्सी साडेनऊ तास मागे आहे, आणि लंडन हिवाळ्याप्रमाणेच साडेपाच तास मागे.

सकाळी सात वाजता गुढी उभारताना कॉल करावा, असे आईच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वेळी न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे, म्हणजे बुधवार १८ मार्चचे, रात्रीचे साडेनऊ झालेले असतील, आणि लंडनमध्ये मध्यरात्र उलटून दीड. मुलगी हजर राहू शकेल, मुलगा नाही. दुपारी पुरणपोळीच्या पंगतीची वेळ धरावी, तर आपल्या एक वाजता लंडनला सकाळचे साडेसात आणि न्यू जर्सीत पहाटेचे साडेतीन. आता मुलगा जमला व मुलगी सुटली. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी गुढी उतरविण्याच्या वेळी, सहा वाजता, लंडनला दुपारचे साडेबारा होतात आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. कामाचा दिवस असल्याने मुलास जेवणाच्या सुटीतील अर्धा तास मिळेल, मुलीस कचेरी सुरू होण्यापूर्वीचा; म्हणजे सकाळच्या गुढीचा आग्रह सोडून संध्याकाळची गुढी स्वीकारली, तर तिघांनाही सोयीची वेळ सापडते.

येथे एक खड्डा आहे. “गेल्या पाडव्याला सहा वाजताच बोललो होतो, तीच वेळ ठेवू,” असे म्हणून मुलगा जुना निरोप उघडील आणि त्यात लंडनची वेळ दीड अशी लिहिलेली पाहील, कारण २०२५ चा पाडवा ३० मार्चला, नेमका लंडनचे घड्याळ पुढे गेले त्याच रविवारी आला होता; आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले, त्या क्षणी तेथील घड्याळ एक तास पुढे गेले. जुन्या नोंदीवर विसंबून तो यंदा दीडला बसला, तर नांदेडला सात वाजलेले असतील आणि गुढी उतरून ठेवलेली असेल. आपले सण तिथीवर चालतात व त्यांची इंग्रजी तारीख दरसाल फिरते, म्हणून सणाच्या कॉलची वेळ मागील वर्षावरून कधीही उचलू नये. ती दरवर्षी नव्याने काढावी.

दिवाळीलाही हाच नियम. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, अमेरिकेचे घड्याळ मागे गेल्यानंतर बरोबर एका आठवड्याने आहे. भाऊबीज ११ नोव्हेंबरला, बुधवारी. आपल्याकडे सायंकाळी सातला ओवाळणी ठेवली, तर ऑक्टोबरच्या हिशेबाने न्यू जर्सीत साडेनऊ व्हावयास हवे होते, पण प्रत्यक्षात साडेआठ झालेले असतील. कामावर निघणाऱ्या भावाला हा एक तास लाभाचाच आहे, मात्र तो त्याला आधी सांगितलेला असला पाहिजे.

तारखेचा घोळ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, ही तारीख लातूर जिल्ह्यात कोणास सांगावी लागत नाही. परंतु जागतिक वेळेप्रमाणे ठेवलेल्या भूकंपाच्या नोंदींत तीच घटना २९ सप्टेंबरची, रात्री १० वाजून २५ मिनिटांची, म्हणून लिहिलेली आढळते. न्यू यॉर्कमध्ये तर तेव्हा २९ तारखेची संध्याकाळ होती. नोंद चुकीची नाही, केवळ घड्याळ निराळे आहे. हाच फरक आपल्या कॉलमध्येही येतो : आपल्या सोमवारी सकाळी सातला न्यू जर्सीत उन्हाळ्यात रविवार रात्रीचे साडेनऊ असतात. म्हणून सकाळचा कॉल ठरविताना नुसते “सोमवारी” म्हणणे पुरेसे नाही.

यात आपल्या बोलण्याच्या रीतीने आणखी भर पडते. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजण्याची वहिवाट असल्याने शनिवारी रात्री जागून दीड वाजला, तरी आपण त्याला “शनिवारी रात्री दीड” असेच म्हणतो. फोनच्या दृष्टीने तो रविवार झालेला असतो. रात्री बारा ते पहाटे पाच या दरम्यानच्या वेळेला म्हणून दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि “शनिवारी रात्री बारा” हा शब्दप्रयोग तर सर्वस्वी टाळून ११.४५ किंवा १२.१५ अशी वेळ घ्यावी.

निरोप कसा लिहावा

निरोपात वार, तारीख, प्रत्येक शहराची वेळ आणि फोन लावणाऱ्याचे नाव, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. वरील उदाहरणाचा मसुदा असा होईल :

*गुरुवार, १९ मार्च २०२६. नांदेड सायंकाळी ६.००, लंडन दुपारी १२.३०, न्यू जर्सी सकाळी ८.३०. कॉल ताई लावील. पंधरा मिनिटांत न जमल्यास त्याच दिवशी नांदेड रात्री ९.३०, लंडन दुपारी ४.००, न्यू जर्सी दुपारी १२.००.*

वेळेपुढे आद्याक्षरे लिहू नयेत. आय.एस.टी. ही अक्षरे आपल्याखेरीज इस्रायल व आयर्लंड येथील वेळेसाठीही वापरली जातात, आणि अमेरिकेतील पुष्कळ लोक उन्हाळ्यातही सवयीने ई.एस.टी. लिहितात, जी वस्तुतः हिवाळ्याची वेळ आहे. शहराच्या नावात असा घोटाळा संभवत नाही.

दर आठवड्याच्या कॉलसाठी गुगल कॅलेंडरवर आमंत्रण करून ठेवणे उत्तम; परंतु ते आमंत्रण, ज्याचे घड्याळ मूळ मानले आहे त्यानेच करावे. कॅलेंडरमधील आवर्ती नोंद ती ज्या शहराच्या वेळेत केली असेल, त्या शहराशी बांधलेली राहते. मुलीने न्यू जर्सीच्या सकाळी दहाची नोंद केली, तर आपल्या फोनवर ती उन्हाळ्यात साडेसातला आणि नोव्हेंबरनंतर साडेआठला आपोआप दिसेल. आपण लातुरात केली, तर सरकणे तिच्या वाट्यास येईल. यासाठी दोन्हीकडच्या फोनमध्ये वेळ आपोआप घेण्याची सोय चालू असावी; कोणी हाताने घड्याळ लावून ठेवले असेल, तर सारा बंदोबस्त वाया जातो. शिवाय फोनच्या घड्याळात जागतिक घड्याळाचा जो भाग असतो, त्यात मुलांची शहरे घालून ठेवावीत. ते शहर आता किती तास मागे आहे, हे तेथे दिसते. वहीतील आकडा त्याच्याशी जुळत नसेल, तर घड्याळ हलले आहे असे समजावे.

आखातात कोणी असल्यास

दुबई वा शारजा येथील वेळेचा प्रश्न सोपा आहे, अडचण निराळीच आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, परंतु कॉलवर निर्बंध आहे. तेथे परवाना असलेल्या बोटिमसारख्या सेवेवरून बोलावे लागते, आणि ती आपल्याही फोनवर आगाऊ घालून ठेवावी लागते. निर्बंध चुकविण्याच्या युक्त्या करण्यास मुलाला भरीस पाडू नये. परक्या देशातील कायद्याची जोखीम त्याच्या अंगावर येते. सुटीचा वारही विचारून घ्यावा : अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवार आहे, सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार.

कॉल लागलाच नाही तर

वीज गेली की घरातील राउटर बंद पडतो आणि फोन मोबाइलच्या जाळ्यावर जातो, तेव्हा चित्र अडखळू लागते. चित्र बंद करून नुसता आवाज ठेवावा, बोलणे होऊन जाते. फोन लावण्याचे काम एकाकडेच असू द्यावे, कारण दोघेही एकाच वेळी लावू लागले की दोघांनाही समोरची ओळ व्यस्त मिळते. पंधरा मिनिटे वाट पाहूनही उत्तर आले नाही, तर एक लेखी निरोप टाकून निरोपात आधीच लिहिलेल्या दुसऱ्या वेळेची वाट पाहावी. तिकडे पहाट असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वा दुसऱ्या नातलगांकडून फोन करवू नयेत.

२५ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर २०२६ या दोन तारखांवर भिंतीवरील कॅलेंडरात आजच खूण करून ठेवावी, आणि त्यांच्या आदल्या शनिवारी मुलांना एवढेच विचारावे की, उद्यापासून आपली वेळ तीच राहणार, की तुमची.